मशीन एकच आहे

ते वाक्य मंदाकिनीनं स्वतःच्या हातानं कापलं होतं. पुढे कुणी काहीही म्हटलं, तरी ही गोष्ट तिच्या मनातून गेली नाही.

मंदाकिनी खानझोडे रायपूरच्या समता कॉलनीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वडिलांसोबत राहायची. वडील अनंतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. मंदाकिनीनं बारा वर्षं एका हिंदी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. तिथली माणसं कमी झाली तेव्हा तिचंही काम गेलं. मग बहिणीच्या मुलीनं, सोनियानं, शिवणकाम शिकवण्याचं यूट्यूब चॅनल काढलं आणि मावशीला म्हणाली, "आप लिखो, मैं बोलूँगी." सोनियाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. दोन वर्षांत चॅनलचे चाळीस हजारांवर सबस्क्रायबर झाले. कटोरी ब्लाऊजची कटिंग, बाही कशी लावायची, मशीनचा दोरा का तुटतो, असलं सगळं मंदाकिनी सोप्या हिंदीत लिहायची आणि सोनिया कॅमेऱ्यासमोर बोलायची.

नवरात्रीच्या दोन आठवडे आधी सदर बाजारातल्या भैय्यालालनं निरोप पाठवला. त्याचं शिलाई मशीनचं दुकान होतं. बायकांनी चॅनलवर त्याचं नाव ऐकावं म्हणून तो एक मोटरची मशीन बक्षीस द्यायला तयार होता. गिव्हअवेचा व्हिडिओ करायचा, साठ सेकंदांच्या आत.

मंदाकिनीनं स्क्रिप्ट लिहिली. मशीन एक आहे. पहिल्या शंभर कमेंट करणाऱ्यांतून सोडत काढून एकीला ती मिळेल. दुकानातून काही विकत घ्यायची गरज नाही, पैसे भरायचे नाहीत. दसऱ्याला निकाल याच चॅनलवर. तिनं मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं. दीड मिनिट झालं.

रेकॉर्डिंग भैय्यालालच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. भैय्यालाल स्टुलावर बसून ऐकत होता. दोनदा ऐकून म्हणाला, "दीदी, इतना लंबा कौन सुनेगा? लोग अंगूठा चला के निकल जाते हैं."

"मौसी, पहली लाइन में ही मशीन चाहिए," सोनिया म्हणाली. "नियम सब डिस्क्रिप्शन में डाल देंगे ना."

मंदाकिनीला ते पटलं नव्हतं असं नाही. तिनं पेन्सिल घेतली. 'पहले सौ कमेंट में से किसी एक को, ड्रॉ निकालकर' यातलं मधलं सगळं तिनं आडव्या रेघेनं कापलं. राहिलं ते असं: पहले सौ कमेंट, और सिलाई मशीन आपकी! सोनियानं ते हसत, हात पुढे करून म्हटलं. एका दमात टेक ओके झाला. भैय्यालालनं चहा मागवला. घरी परतताना मंदाकिनीला एकदा वाटलं, यानं कुणाचा घोळ तर होणार नाही? मग तिनंच स्वतःला समजावलं, ज्याला खरंच हवंय तो खाली वाचेल.

व्हिडिओ गुरुवारी संध्याकाळी टाकला. सोमवारपर्यंत तो तीन लाख लोकांनी पाहिला होता. सोनिया दर तासाला आकडा पाठवत होती.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. दारात शांताबाई उभी होती. बूढापारा या जुन्या वस्तीतली शांताबाई वैरागडे मंदाकिनीच्या आईचे ब्लाऊज शिवायची. आई गेल्यावर येणंजाणं कमी झालं होतं, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवात गाठ पडायची. साठीला आलेली, नवरा नाही, मुलगा आणि सून राधा यांच्यासोबत राहणारी. आज तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि काखेत घडी घातलेली जुनी चादर होती. खाली ई-रिक्षा उभी होती.

"ये मावशी, बस," मंदाकिनी म्हणाली. "आज इकडे कशी काय?"

"बसत नाही व. रिक्षावाला थांबला हाये, घाई करून राहिला." शांताबाईच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "मशीन नेयाले आली मी. तुह्या घरी ठेवली का दुकानात हाये? दुकानात असन तं मंग सदर बाजारात जा लागन."

मंदाकिनीनं विचारलं, "कोणती मशीन?"

"काय व, तूच तं लिहितं म्हणे त्या पोट्टीले सारं. सोनियाची मशीन. राधाच्या मोबाइलवर पायलं मी. पहले सौ कमेंट और मशीन आपकी. राधानं लगेच कमेंट टाकली, तवा साठ होत्या, माही एकसठवी. शंभराच्या आत हाये ना मी?" तिनं चादर पुढे केली. "हे गुंडाळाले आणली. रस्त्यानं धूळ लय उडते."

मंदाकिनीनं तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. शांताबाई अजून हसतच होती. शेवटी तिनं सांगितलं. मशीन एकच आहे. शंभर जणींची नावं सोडतीत जाणार आणि दसऱ्याला त्यातलं एक नाव निघणार.

"असं कसं?" शांताबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "सोडतीचं तं ते काहीच नाही बोलली. मी दहा डाव आयकलं."

"खाली लिहिलंय मावशी. व्हिडिओवर ती तीन टिंबं असतात ना, ती दाबली की..."

बोलता बोलता मंदाकिनीला स्वतःचंच ऐकू आलं आणि ती थांबली. तीन टिंबं. शांताबाईला वाचता यायचं, पण अक्षरावर बोट ठेवून, आणि तेही लग्नपत्रिकेएवढी मोठी अक्षरं असली तर. तिनं ऐकलं होतं, आणि जे ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं.

"म्हणजे मले भेटत नाही," शांताबाई म्हणाली.

"नाव निघालं तर मिळेल. नक्की काही सांगता येत नाही."

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. शांताबाई उठली नाही. मांडीवरच्या चादरीची घडी ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"माही जुनी मशीन मी ज्योतीले देल्ली," ती म्हणाली. ज्योती तिची धाकटी मुलगी, राजनांदगावला असायची. "तिचा घरवाला तिले सोडून गेला ना. लेकरू हाये संगं. म्हटलं आपल्याले नवी येतेच हाये, पायाची तिले देऊन टाकू. रविवारी टेम्पोत टाकून नेली तिनं. आता वापस कशी मांगू व तिले?"

मंदाकिनी म्हणाली, "मावशी, माझी चूक झाली."

"तुही काहून? ते पोट्टी बोलली."

"तिला मी लिहून दिलं होतं. आधी नीट लिहिलं होतं, मग कापलं."

शांताबाईनं तिच्याकडे पाहिलं. "काहून कापलं?"

"लांब होत होतं."

शांताबाई उठली, चादर काखेत घेतली आणि दारापाशी जाऊन थांबली. "पाऱ्यात सांगतलं मी सर्व्याइले," ती पाठमोरीच म्हणाली. "पेढे वाटले. जन्मात कधी काई लागलं नव्हतं मले. म्हटलं लागलं एकडाव."

शांताबाईला घेऊन ई-रिक्षा मशीनविनाच वळली. मंदाकिनी गॅलरीतून पाहत राहिली. अनंतराव आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले आणि इतकंच म्हणाले, "तिनं पाणीही नाही घेतलं."

त्या दुपारी मंदाकिनीनं पहिल्यांदा कमेंट नीट वाचल्या. आतापर्यंत तिनं फक्त आकडा पाहिला होता. बेमेतऱ्याहून कुणीतरी लिहिलं होतं, मेरा नंबर तैंतालीस है, मशीन कब आएगी. गोंदियाची एक बाई विचारत होती, महाराष्ट्रात पाठवता का. एकीनं चार दिवसांत बावीस कमेंट टाकल्या होत्या, जितक्या जास्त तितकं बरं असं समजून. कुणी विचारलं होतं, पहिल्या शंभर कशा मोजल्या? आणि हे तर मंदाकिनीच्याही लक्षात आलं नव्हतं. यूट्यूब कमेंटची नेमकी वेळ दाखवत नाही. सहा दिन पहले, एवढंच दिसतं. वरचा आकडा मोजताना कमेंटखालची उत्तरंही त्यात धरली जातात. शांताबाईची एकसष्टावी खरंच एकसष्टावी होती की पन्नासावी, हे आता कुणीच सांगू शकलं नसतं. सिद्ध करता येणार नाही असा नियम तिनं लिहिला होता.

आणखी खाली गेल्यावर तिला दुसरंच काही दिसलं. सोनियाचाच फोटो लावलेलं, नावात एक अक्षर वेगळं असलेलं कुठलंतरी खातं लोकांना उत्तरं देत होतं. बधाई हो, आप जीत गए, इस नंबर पर व्हाट्सऐप करें. अशी उत्तरं अकरा जणींना गेली होती. मंदाकिनीनं एकेक उत्तर काढून टाकलं, खात्याची तक्रार नोंदवली आणि त्या अकरा जणींना चॅनलवरून कळवलं, हे आम्ही नाही, कुणालाही पैसे पाठवू नका. दोघींनी उत्तर दिलं. बाकीच्यांचं काय झालं ते कळलं नाही.

संध्याकाळी ती सोनियाकडे गेली.

"व्हिडिओ काढून टाक," ती म्हणाली. "नवा टाकू. त्यात आधी सांगू की पहिल्यांदा आपण चुकीचं बोललो."

सोनिया लॅपटॉपसमोर बसली होती. "मौसी, तीन लाख साठ हज़ार व्यू हैं. ऐसा दोबारा नहीं आएगा. और सब लोग तो ऐसे ही करते हैं."

"शांतामावशी रिक्षा घेऊन आली होती माझ्या दारात."

"उनका मुझे भी बुरा लगा. सच में. तो उन्हीं को दे देते हैं ना मशीन? भैया को बोल के."

मंदाकिनीच्याही मनात दुपारभर तेच होतं. तिनं मान हलवली. "ओळखीची आहे म्हणून? मग त्या बेमेतऱ्याच्या बाईला काय सांगू? तिनंही तेच ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी ती सदर बाजारात गेली. भैय्यालाल गिऱ्हाइकाला बॉबिन दाखवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, "दीदी, डिस्क्रिप्शन में लिखा है कि नहीं? लिखा है. तो हमारी तरफ़ से तो साफ़ है."

"जे तोंडानं सांगितलं ते वेगळं आणि खाली लिहिलं ते वेगळं. माणूस तोंडानं सांगितलेलंच धरणार, भैया. उद्या कुणी ग्राहक मंचात गेलं तर तिथंही हेच विचारतील."

ग्राहक मंचाचं नाव काढल्यावर भैय्यालालनं बॉबिनची डबी बंद केली. बराच वेळ हो-नाही चाललं. शेवटी तो नव्या व्हिडिओला तयार झाला, एका अटीवर. मशीन एकच देणार, आणि यानंतर तो चॅनलसाठी काही देणार नाही. मंदाकिनीनं मान्य केलं. त्या वेळी हे सोनियाला विचारायला हवं होतं, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

नवी स्क्रिप्ट लिहायला तिला तीन दिवस लागले. पहिला खर्डा तिला अगदी स्वच्छ वाटला. तिनं तो अनंतरावांना एकदाच वाचून दाखवला आणि विचारलं, "आता मला सांगा बाबा, काय करायचं आहे आणि कुणाला काय मिळणार?"

अनंतराव विचार करून म्हणाले, "कमेंट करायची. मग शंभरात एकाले मशीन."

"शंभरात एक नाही. सगळ्यांत मिळून एक. हजार झाले तरी एकच."

"मंग तसं सांग ना."

तिनं खोडून पुन्हा लिहिलं. मग भांडी घासायला येणाऱ्या गोदावरीला ऐकवलं. गोदावरी छत्तीसगढी बोलायची, हिंदी तिला कळायचं. ती म्हणाली, "हव दीदी, समझ गेंव. चैनल ला सब्सक्राइब करबे तभे नाम जाही." सबस्क्राइब केलं तरच नाव जाईल, हे स्क्रिप्टमध्ये कुठंच नव्हतं. पण दुसऱ्या सगळ्या व्हिडिओंतून ऐकून तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. मंदाकिनीला कळलं की काय करायचं ते सांगून भागत नाही. काय करायचं नाही तेही सांगावं लागतं. सबस्क्राइब नाही, लाइक नाही, शेअर नाही. तसंही सबस्क्राइब आणि लाइकची अट घालायला यूट्यूबची परवानगी नाही. काही विकत घ्यायचं नाही. पैसे कुठंच भरायचे नाहीत, मशीन घरी पाठवायचा खर्चही दुकानाचा.

असं करत पाच खर्डे झाले. सहाव्या वेळी अनंतराव आणि गोदावरी, दोघांनीही न अडखळता सगळं बरोबर सांगितलं. तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली.

शेवटच्या स्क्रिप्टची सुरुवात मशीनच्या कौतुकानं नव्हती. मशीन एक ही है. एक ही को मिलेगी. पिछले वीडियो में हमने कहा था, पहले सौ कमेंट और मशीन आपकी. वह बात ग़लत थी, उससे लगता था कि सौ मशीनें हैं. ग़लती हमारी है. मग नियम, एकेक करून. या किंवा जुन्या व्हिडिओखाली एक कमेंट करा. ज्यांनी आधी केली आहे त्यांनी पुन्हा करायची गरज नाही, त्यांचं नाव आहेच, मग ती पहिल्या शंभरात असो वा नसो. एका माणसाचं नाव एकदाच धरलं जाईल, दहा कमेंट केल्या तरी. वय अठरा पूर्ण हवं. भारतात कुठंही राहत असाल तरी चालेल. शेवटची तारीख दसरा, रात्री बारापर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सगळ्यांसमोर थेट सोडत. जिचं नाव निघेल तिला फक्त याच चॅनलवरून उत्तर जाईल. सात दिवसांत तिचं उत्तर आलं नाही तर दुसरं नाव काढू. आम्ही कुणालाही फोन करून पैसे मागणार नाही, कुणी मागितले तर तो ठग समजा. पत्ता फक्त जिंकणारीकडूनच घेऊ, मशीन पाठवायलाच वापरू. या बक्षिसाशी यूट्यूबचा संबंध नाही, देणारे आम्ही आणि दुकान. हेच नियम खालीही लिहिले आहेत, शब्दाला शब्द.

एकूण दोन मिनिटं दहा सेकंद झाली.

सोनियानं कागद वाचला आणि खाली ठेवला. "ये 'ग़लती हमारी है' वाला मैं नहीं बोलूँगी."

"मग मी बोलते."

"चैनल मेरा है मौसी. चेहरा मेरा है. गाली मुझे पड़ेगी, आपको नहीं."

ते खरं होतं. सोनिया खिडकीपाशी गेली, परत आली, ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "लगाओ कैमरा." तिनं ते वाक्य म्हटलं, पण कॅमेऱ्याकडे न बघता, बाजूच्या भिंतीकडे बघून. मंदाकिनीनं पुन्हा घ्यायला सांगितलं नाही.

जुना व्हिडिओ त्यांनी काढला नाही, कारण त्याच्यासोबत सगळ्यांच्या कमेंटही गेल्या असत्या. त्याचं नाव बदलून तिथं लिहिलं, नियम बदलले, नवा व्हिडिओ बघा. सगळ्यांत वर टाचलेल्या कमेंटमध्येही तेच. नवा व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला. जुन्यानं लाखांनी माणसं आणली होती, त्यातली बहुतेक परत आलीच नाहीत. ज्या आल्या त्यातल्या कितीतरींनी शिव्या घातल्या. फ्रॉड. पहले बोला मिलेगी, अब बोलते हैं नहीं मिलेगी. गरीबों का मज़ाक बनाया. बेमेतऱ्याच्या बाईनं एकच शब्द लिहिला, अच्छा. मंदाकिनी त्या शब्दाकडे खूप वेळ बघत राहिली. नऊशे सबस्क्रायबर एका आठवड्यात कमी झाले.

मधल्या काळात ती एकदा बूढापाऱ्यात गेली. तिनं ठरवलं होतं, स्वतः एक मशीन घेऊन शांताबाईला द्यायची, पायाची का असेना. शांताबाईनं दारातच ऐकलं.

"नको," ती म्हणाली.

"मावशी, माझ्यामुळे तुझं काम बंद पडलं."

"तुह्यामुळं पडलं तं पडलं. पन दान घेऊन पाऱ्यात काय सांगू? आधी सांगतलं जिंकली. मंग सांगतलं नाही जिंकली. आता सांगू का मांगून आणली?" ती आत वळली. "तू जाय. सून जेवाले बसून राहिली."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भैय्यालालच्या दुकानात सोडत झाली. मंदाकिनीनं दोन्ही व्हिडिओंखालच्या कमेंट संगणकावर उतरवल्या होत्या, एकाच खात्याच्या जास्तीच्या काढल्या होत्या. एक हजार नऊशे सत्तावीस नावं राहिली. नावं मिसळून प्रत्येकाला क्रमांक दिला. स्क्रीनवर आधी पूर्ण यादी सावकाश वरून खाली दाखवली, म्हणजे ज्याला त्याला आपलं नाव शोधता येईल. मग सोनियानं एक ते एक हजार नऊशे सत्तावीस असे आकडे टाकून बटण दाबलं.

राधाच्या नावाचा क्रमांक मंदाकिनीला पाठ होता. अठराशे बारा. पाठ करायचा नाही असं ठरवूनही तो पाठ झाला होता. बटण दाबलं त्या क्षणी तिनं मनातल्या मनात तोच आकडा म्हटला, आणि म्हटल्याची तिला लाज वाटली. नवरात्रभर तिनं कुठल्याच देवाकडे काही मागितलं नव्हतं.

चारशे पाच निघाला. कवर्ध्याचा एक इसम होता. त्यानं तासाभरात उत्तर दिलं, बायकोला हवी होती, खूप उपकार. चौथ्या दिवशी मशीन पोचल्याचा फोटो आला. बाई मशीनमागे उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत. सोनियानं तो चॅनलवर लावला, निकाल काय लागला हे सगळ्यांना कळावं म्हणून. बावन्न लोकांनी पाहिला.

भैय्यालालनं शब्द पाळला. त्यानं पुढे काही दिलं नाही. तीन आठवड्यांनी दिवाळीत सोनियाच्या चॅनलवर दुसऱ्या एका दुकानाच्या साड्यांच्या गिव्हअवेचा व्हिडिओ आला. मंदाकिनीला तो इतरांसारखाच मोबाइलवर दिसला. त्यात सोनिया हात पुढे करून हसत होती. नियम काय ते तीन वेळा ऐकूनही कळत नव्हतं. तिनं फोन केला.

"मौसी, मैंने खुद लिख लिया इस बार," सोनिया म्हणाली. आवाज नरम होता. "आपको क्यों तकलीफ़ देना. आप नाराज़ मत होना."

"नाराज नाही," मंदाकिनी म्हणाली. सोनियानं बाबांची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

सोडतीचा निकाल शांताबाईला आपण स्वतः जाऊन सांगायचा असं तिनं ठरवलं होतं. सांगायला गेली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. एक महिना तिनं टाळलं होतं. बूढापाऱ्याच्या गल्लीत शांताबाई ओट्यावर उजेडाला बसली होती, मांडीवर साडी, हातानं फॉल लावत होती. बाजूला हूक-काजाला आलेले दोन ब्लाऊज. तिनं मान वर करून पाहिलं आणि सरकून जागा केली.

"मले माहीत हाये," मंदाकिनी बोलायच्या आधीच ती म्हणाली. "राधानं दाखवलं. कवर्ध्याले गेली."

"हो."

"तो दुसरा व्हिडिओबी पायला मी. ते मोठं वालं." सुई कापडात गेली, बाहेर आली. "समजला. एकडावच आयकला अन् सारं समजलं."

दोरा संपला, तिनं गाठ मारून दातानं तोडला. समोरून एक बाई ब्लाऊजपीसची पिशवी घेऊन आली आणि ओट्याची पायरी चढली.

"मशीन नइ हे दाई," शांताबाई तिला छत्तीसगढीत म्हणाली. बाई पायरीवरूनच परत फिरली.

"दिवसातून दोन-तीन येतात अशा," शांताबाई म्हणाली. "दुरून दुरून येतात बिचाऱ्या, अन् वापस जातात. प्रत्येकीले सांगा लागते. मंग त्या विचारतात, काय झालं मशीनले." तिनं आत हाक मारली, राधानं आणून दिलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि काळं स्केचपेन मंदाकिनीसमोर ठेवलं. "तू आली हायेस तं लिहून दे. इथं लावतो भिंतीले. हिंदीत लिहिजो. मोठं लिहिजो."

"काय लिहू?"

"मशीन नाही म्हणून लिही. फक्त हातकाम. फॉल, तुरपाई, हूक, काज." तिनं थोडा विचार केला. "कटिंग होत नाही तेबी लिही. नाही तं तेच्यासाठी येतीन. कमी नको लिहू काही."

मंदाकिनीनं पुठ्ठा गुडघ्यावर घेतला. अक्षरं मोठी काढायची म्हणून तिचा हात हळूहळू चालत होता. यहाँ मशीन का काम नहीं होता. मग खाली, जे होतं ते आणि जे होत नाही ते. लिहून झाल्यावर तिनं पुठ्ठा शांताबाईपुढे धरला. शांताबाईनं सुई साडीत टोचून ठेवली, अक्षरावर बोट ठेवलं, आणि पहिल्या शब्दापासून एकेक करत मोठ्यानं वाचायला लागली.